नभोवाणी वार्तालेखनातील संभाषणशैली : एडवर्ड मरो यांच्या बुखेनवाल्ड वार्तापत्राच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नभोवाणीवरील वार्ताकथनाच्या इतिहासात 'संभाषणात्मक शैली' हा शब्दप्रयोग बराच सैलपणे वापरला जातो. निवेदक सहज बोलल्यासारखा वाटतो, म्हणजे तो लिहून आणलेले वाचत नसावा, असा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून बोलणाऱ्या ज्या वार्ताहरांनी ही शैली रूढ केली, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा टंकलिखित कागद असे. तो कागद प्रक्षेपणापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेला असे, आणि वार्ताहर कागद सोडून भलतेच बोलू लागल्यास प्रक्षेपण तोडण्याची सोय दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या हाताशी असे. अशा परिस्थितीत जी सहजता श्रोत्यांच्या कानी पडली ती उत्स्फूर्त असणे शक्यच नव्हते. ती लिहावी लागत होती.

ती कशी लिहिली गेली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम म्हणजेच सीबीएस या अमेरिकन संस्थेचे युरोपातील प्रतिनिधी एडवर्ड आर. मरो (१९०८–१९६५) यांचे १५ एप्रिल १९४५ रोजी प्रक्षेपित झालेले बुखेनवाल्ड छळछावणीविषयीचे वार्तापत्र आधारभूत धरले आहे. या वार्तापत्राच्या नैतिक तेजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या वाक्यरचनेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे, आणि विश्वासार्हतेचे रहस्य बऱ्याच अंशी तेथेच आहे.

पूर्वपीठिका : व्याख्यानापासून बोलण्याकडे

नभोवाणीसाठी लिहिलेला मजकूर छापील मजकुरापेक्षा वेगळा असला पाहिजे, ही जाणीव वार्ताविभागात नव्हे तर भाषणविभागात प्रथम आली. बीबीसीमध्ये १९२७ साली भाषणविभागाच्या संचालक झालेल्या हिल्डा मॅथेसन यांच्याकडे प्राध्यापक, धर्मोपदेशक, राजकारणी असे नाना प्रकारचे वक्ते येत. प्रत्येक जण आपली सवय घेऊन येई. सभागृहासाठी रचलेले व्याख्यान किंवा मासिकासाठी लिहिलेला निबंध ध्वनिक्षेपकासमोर वाचला की तो श्रोत्याच्या डोक्यावरून जातो, हे मॅथेसन यांच्या ध्यानात आले. श्रोते हजारो असले तरी प्रत्येक जण आपापल्या घरात बसून ऐकत असतो. त्याच्याशी सभेसारखे बोलणे विसंगत ठरते. म्हणून वक्त्याचा मजकूर आधी मागवावयाचा, तो बोलीच्या अंगाने दुरुस्त करावयाचा आणि मग वक्त्याकडून त्याची तालीम करून घ्यावयाची, अशी पद्धत त्यांनी बसविली. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रक्षेपणविषयक ग्रंथात त्यांनी या अनुभवाची मांडणी केली. या पद्धतीत एक गमतीदार विरोधाभास होता: न लिहिल्यासारखे वाटावे म्हणून मजकूर अधिक काळजीपूर्वक लिहावा लागे. याच विभागात मॅथेसन यांच्या हाताखाली काम केलेले लायोनेल फील्डन १९३५ साली भारतात आले आणि पुढील वर्षी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव धारण केलेल्या संस्थेचे ते पहिले नियंत्रक ठरले. भारतीय नभोवाणीच्या जन्माशी या परंपरेचा धागा असा थेट जोडलेला आहे.

मरो यांचा मार्गही वार्ताविभागातून गेलेला नाही. वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयात त्यांनी वक्तृत्वाचे शिक्षण घेतले होते. १९३५ साली ते सीबीएसमध्ये आले तेही भाषणविभागाचे संचालक म्हणून. १९३७ साली लंडनला गेले तेव्हा वक्ते मिळवून देणे हेच त्यांचे काम होते. त्यांनी वृत्तपत्रात कधीही नोकरी केलेली नव्हती. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा ते व्हिएन्नाला पोहोचले आणि १३ मार्च रोजी सीबीएसने युरोपातील अनेक राजधान्यांमधून एकत्र गुंफलेल्या वार्तापत्रात त्यांचा आवाज प्रथमच वार्ताहर म्हणून ऐकू आला. वृत्तपत्रीय लेखनाची सवय हाताला लागलेली नसणे ही त्यांच्या बाबतीत उणीव न ठरता सोय ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

ती सवय म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तारयंत्राच्या काळात रूढ झालेल्या बातमीलेखनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात येते आणि तपशील उतरत्या क्रमाने मागे येतात. कोण, काय, कोठे, केव्हा हे सारे त्या एका वाक्यात कोंबले जाते. वाचकाला ते अडचणीचे वाटत नाही, कारण डोळा मागे फिरू शकतो. कानाला ती मुभा नाही. ऐकणाऱ्याला वाक्याच्या आरंभी आलेली संख्या वाक्य संपेपर्यंत स्मरणात धरून ठेवावी लागते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दोन उपवाक्ये आली की तो धागा सोडून देतो, आणि एकदा सुटलेला धागा त्याला परत मिळत नाही.

मरो यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. ते वार्तापत्र स्वतः टंकलिखित करण्याऐवजी तोंडी सांगत आणि त्यांच्या सचिव ते उतरवून घेत. त्यामुळे कागदावर जे वाक्य येई ते आधी तोंडातून गेलेले असे. श्वासात न मावणारे वाक्य तेथेच मोडून पडे. सहकारी निवडतानाही त्यांनी कमावलेल्या आवाजापेक्षा घटना समजून घेण्याच्या शक्तीला महत्त्व दिले. विल्यम शायरर यांच्या आवाजाची चाचणी न्यूयॉर्कच्या कार्यालयाला पसंत पडली नव्हती, तरी मरो यांनी त्यांचा आग्रह सोडला नाही. आवाज नैसर्गिक असणे म्हणजे मधुर असणे नव्हे, हा निर्णय त्यामागे होता.

आणखी एक बाह्य कारण या शैलीला पोषक ठरले. सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही संस्था त्या काळी वार्ताप्रसारणात ध्वनिमुद्रित सामग्री वापरू देत नसत. १९४४ च्या नॉर्मंडी आक्रमणासारख्या प्रसंगीच हा निर्बंध सैल झाला. ऑगस्ट १९४० मध्ये ट्रॅफल्गार चौकातून थेट प्रक्षेपण करताना मरो यांनी ध्वनिक्षेपक फरसबंदीजवळ नेऊन आश्रयस्थानाकडे शांतपणे जाणाऱ्या लोकांच्या पावलांचा आवाज ऐकविला होता. परंतु घटनास्थळ आणि प्रक्षेपणकेंद्र जेथे वेगळे असेल, तेथे ध्वनी मुद्रित करून आणण्याची वाटच नव्हती. जे ऐकले ते शब्दांतच आणावे लागे.

बुखेनवाल्ड : एका संख्येचा प्रवास

बुखेनवाल्डची छावणी ११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आली. मरो दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तेथे पोहोचले. त्यांनी लगेच प्रक्षेपण केले नाही. वार्तापत्र रविवारी, १५ तारखेला गेले. मधल्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाची वार्ता आली होती आणि साऱ्या अमेरिकेचे लक्ष तिकडे होते.

वार्तापत्राच्या आरंभी बातमी नाही, अनुज्ञा आहे. गुरुवारी आपण माझ्याबरोबर असता तर आपणांस काय दिसले असते आणि काय ऐकू आले असते ते सांगू द्या, असे ते श्रोत्यांना म्हणतात. हे ऐकणे सुखाचे होणार नाही, आपण जेवत असाल किंवा ऐकण्याची इच्छा नसेल तर यंत्र बंद करावयास ही वेळ योग्य आहे, असेही सांगतात. मग छावणी कोठे आहे ते येते: वायमार शहराबाहेर सुमारे चार मैलांवर, एका लहानशा टेकडीवर. हा सारा मजकूर उलट्या पिरॅमिडच्या नियमाने शेवटी टाकण्याजोगा आहे. कानाच्या दृष्टीने मात्र तो आवश्यक आहे, कारण श्रोता अजून स्थिर झालेला नसतो. पहिल्याच वाक्यात मृतांची संख्या आली असती तर ती ऐकू येऊनही पोहोचली नसती.

यानंतर वार्तापत्राचा सर्वांत शिकण्याजोगा भाग येतो. तो नीट समजण्यासाठी तीच माहिती वृत्तपत्रीय पद्धतीने मांडली तर कशी दिसेल, ते तुलनेसाठी रचून पाहता येईल: 'बुखेनवाल्ड छावणीतील एका बराकीत राहणाऱ्या १२०० कैद्यांपैकी २४२ कैदी गेल्या एका महिन्यात मृत्युमुखी पडल्याचे तेथील डॉक्टरांच्या नोंदवहीवरून स्पष्ट झाले आहे.' या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, माहितीही पूर्ण आहे. परंतु त्यात दोन संख्या एकमेकींना खेटून आल्या आहेत, आणि माहितीचा आधार जी नोंदवही, ती अगदी शेवटी, आकडे विरून गेल्यावर अवतरते.

मरो यांचा क्रम असा आहे. ते एक बराक पाहण्याची इच्छा व्यक्त करतात. ती चेकोस्लोव्हाकियातील कैद्यांची निघते. ते आत गेल्यावर माणसे भोवती जमतात आणि त्यांना खांद्यावर उचलून घेऊ पाहतात, पण त्यांच्यात तेवढी शक्ती नसते. पुष्कळांना अंथरुणातून उठताही येत नाही. ही इमारत एके काळी ८० घोड्यांचा तबेला होती, हे त्यांना सांगितले जाते. आता तीत १२०० माणसे आहेत, एकेका बाकड्यावर पाच. येथे पहिली संख्या येते, आणि ती तबेल्याच्या मापाने मोजलेली असते. मग ते विचारतात की या इमारतीत गेल्या महिन्यात किती माणसे मेली. डॉक्टरांना बोलावले जाते. नोंदी पाहिल्या जातात. लहानशा काळ्या वहीत केवळ नावे आहेत. जे मेले त्यांच्या नावामागे फुली आहे. मरो त्या फुल्या मोजतात. त्या २४२ भरतात. मग एकदा पुन्हा, क्रियापदही न लावता: १२०० पैकी २४२, एका महिन्यात.

या मांडणीत संख्या श्रोत्याला दिली जात नाही, ती त्याच्यादेखत मोजली जाते. प्रश्न, डॉक्टर, वही, फुल्या, मोजणी या पाच पायऱ्यांना प्रत्येकी एकेक लहान वाक्य मिळाले आहे आणि प्रत्येक वाक्य एकच गोष्ट पुढे ढकलते. आधार आधी, आकडा नंतर. पुनरुक्ती ही छापील लेखनात दोष मानली जाते. येथे तिच्यावाचून दोन्ही संख्यांचे नाते कानात ठसले नसते, कारण १२०० ही संख्या बरीच आधी येऊन गेलेली आहे. 'मी' हे सर्वनामही अलंकार म्हणून आलेले नाही. कोणी मोजले, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

हीच शिस्त पुढे मृतदेहांच्या वर्णनातही दिसते. एका अंगणात सरपणासारखे रचलेले देह त्यांनी मोजण्याचा प्रयत्न केला आणि दोन राशींत मिळून पाचशेहून अधिक पुरुष व मुलगे असावेत, असा निष्कर्ष काढला. जवळच्या एका गाडीत आणखी सुमारे पन्नास असावेत, परंतु ते मोजणे शक्य झाले नाही, असेही ते सांगतात. मोजणी कोठे थांबली हे सांगणारे हे वाक्य संपादकाने जागा वाचविण्यासाठी सहज कापले असते. पण बोलणारा माणूस विश्वासास पात्र आहे की नाही, हे श्रोता अशाच वाक्यांवरून ठरवितो.

उपमांच्या बाबतीत मरो यांचा हात सर्वत्र सारखा आवरलेला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये लँकेस्टर विमानातून बर्लिनवरील हल्ल्यात सहभागी होऊन त्यांनी जे वार्तापत्र दिले, त्यात काळ्या मखमलीवर मूठभर पांढरे तांदूळ फेकावेत तसे आगलावे बाँब, पिसाट सूर्यफुलांसारखे स्फोट अशी चित्रे एकामागून एक येतात. ती प्रभावी आहेत, तथापि काही ठिकाणी लेखणी डोकावते. बुखेनवाल्डमध्ये उपमा मोजक्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत लक्षात राहणारी ध्वनीची आहे: अंथरुणातून न उठू शकणाऱ्यांनी त्यांचे स्वागत करण्यासाठी टाळ्या वाजविल्या, आणि तो आवाज तान्ह्या मुलांच्या टाळ्यांसारखा होता. मुद्रण हाताशी नसताना ध्वनी कसा नेता येतो, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. त्याउलट शौचकूपाकडे सरपटत जाणाऱ्या दोन वृद्धांविषयी ते एवढेच म्हणतात की ते पाहिले, पण त्याचे वर्णन करणार नाही. प्रत्यक्ष बोलण्यात माणूस असाच थांबतो.

सहजतेच्या मर्यादा

संभाषणशैली आणि उत्स्फूर्तता यांतील अंतर स्पष्ट करण्यास एक उलट उदाहरण उपयुक्त आहे. ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे हवाई जहाज उतरत असताना पेटले, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन हे वार्ताहर मुद्रणासाठी बोलत होते. त्यांचे त्या क्षणीचे हेलावलेले शब्द जगप्रसिद्ध आहेत. त्यांची वेदना खरी आहे. माहिती मात्र त्या क्षणी त्यांच्यापाशी नव्हती. ते शब्द ऐकणाऱ्याला जहाजावरील कोणीही वाचले नसावे असेच वाटते. प्रत्यक्षात जहाजावरील ९७ जणांपैकी ६२ जण वाचले. उत्स्फूर्त बोलण्यात भावना तथ्याच्या पुढे धावते. मरो यांच्या संहितेतील तीन दिवसांचे अंतर हे या दृष्टीने शैलीचाच भाग मानले पाहिजे.

परंतु लिहिलेल्या सहजतेचाही एक धोका आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. जे पाहिले त्याच क्रमाने सांगावयाचे ठरविले की जे दृष्टीस पडले नाही ते सांगण्यास जागाच उरत नाही. बुखेनवाल्ड वार्तापत्रात निरनिराळ्या राष्ट्रांच्या, निरनिराळ्या पेशांच्या कैद्यांचा उल्लेख आहे. प्रागचे माजी महापौर पेत्र झेंक्ल भेटल्याचे नोंदविले आहे. यहुद्यांचा स्वतंत्र उल्लेख मात्र त्यात नाही. मरो यांना वाट दाखविणारे आणि त्यांच्याशी बोलणारे बहुतेक राजकीय कैदी होते, आणि संहितेने त्यांचीच वाट धरली. या अनुल्लेखाचा दोष त्यांच्या हेतूकडे जात नाही. पण यहुद्यांच्या संहाराच्या वार्ता जगाला ज्ञात होऊन तोपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि डिसेंबर १९४२ मध्ये स्वतः मरो यांनीच त्या प्रक्षेपित केल्या होत्या. एखादे संदर्भाचे वाक्य घातले असते तर बोलण्याचा ओघ किंचित तुटला असता. तरीही ते घालणे योग्य ठरले असते. साक्षीदाराचा आवाज श्रोत्याला इतका पूर्ण वाटतो की त्यात काय नाही हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. छापील बातमीतील रूक्ष पार्श्वभूमीचा परिच्छेद या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागतो.

मराठी संहितेचा प्रश्न

याच युद्धकाळात मराठीही लंडनहून बोलली जात होती. बीबीसीच्या पौर्वात्य विभागात १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल कार्यरत होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे मराठी, गुजराती, बंगाली व तमिळ भाषांत अनुवादित होऊन भारताकडे प्रक्षेपित होत. पुढे 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी (१९५०) लिहिणाऱ्या कोल्हापूरकडील वेणू चितळे या त्या विभागातील एक प्रमुख मराठी आवाज होत्या. ऑर्वेल यांना नभोवाणीचा श्रोता म्हणजे एकटा माणूस, ही जाणीव पक्की होती. तथापि इंग्रजी कानासाठी लिहिलेले वाक्य मराठीत उतरविले की ते आपोआप मराठी कानाचे होत नाही.

त्याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते; श्रोत्याला काय घडले ते लगेच कळते आणि उरलेला तपशील मागून जोडता येतो. मराठीत क्रियापद अखेरीस येते. इंग्रजी वाक्यातील मागून जोडलेला तपशील अनुवादात क्रियापदाच्या आधी येऊन बसतो, आणि 'राहणाऱ्या', 'झालेल्या', 'असलेल्या' अशी धातुसाधित विशेषणे नामापूर्वी रांग लावतात. वर रचून दाखविलेले वृत्तपत्रीय वाक्य पुन्हा पाहिल्यास ही रांग स्पष्ट दिसते. ऐकणाऱ्याला माणसे मेली हे कळण्यापूर्वी छावणी, बराक, दोन आकडे आणि कालावधी एवढे ओझे वाहावे लागते. 'स्पष्ट झाले आहे' हे शेवटचे शब्द तर केवळ वाक्य बंद करण्यापुरते आहेत.

मरो यांचा क्रम मराठीत आणावयाचा तर वाक्ये जोडण्याऐवजी तोडावी लागतात: 'या इमारतीत गेल्या महिन्यात किती माणसे गेली, असे विचारले. डॉक्टर आले. त्यांनी एक लहानशी काळी वही दाखविली. वहीत नावे होती. काही नावांपुढे फुल्या होत्या. त्या फुल्या मोजल्या. दोनशे बेचाळीस.' येथे प्रत्येक क्रियापद दोन-चार शब्दांतच हाती येते. 'मृत्युमुखी पडले' ऐवजी 'गेली' हा शब्द आला आहे, कारण घरात बोलताना मराठी माणूस तोच वापरतो. संख्याही अक्षरांत लिहिली आहे. अंकांत लिहिलेली संख्या वाचताना निवेदक क्षणभर अडखळतो आणि तो क्षण श्रोत्याला जाणवतो. मात्र अशी लहान वाक्ये एकामागून एक पाच-सहापेक्षा अधिक आली की त्यांचा ठेका ऐकू येऊ लागतो आणि तीही एक कृत्रिम लकब बनते. मधूनच एक लांब, सैल वाक्य यावे लागते. ते कोठे यावे हे कागद पाहून ठरत नाही. मजकूर दुसऱ्या कोणाला, त्याच्या हाती कागद न देता, वाचून दाखविला आणि त्याला तो स्वतःच्या शब्दांत परत सांगता आला की नाही, यावरूनच ते कळते.